बडोदा: केबलच्या एकाच रिमोटवर टीव्हीही चालवायचा आहे, पण आवाजाचं बटण ‘शिकत’ नाही

सुरसागर_काठी

नमस्कार मंडळी. घरातल्या अडचणीसाठी हा धागा काढतेय, जाणकारांनी मदत करावी.

दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. सासूबाई 81 वर्षांच्या, दिवसभर घरी एकट्या असतात, आणि दुपारच्या मराठी मालिका हाच त्यांचा विरंगुळा. दिवाळीत जुना डबा काढून 43 इंची स्मार्ट टीव्ही आणला. केबलचा सेट-टॉप बॉक्स तोच ठेवला, फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीऐवजी आता एचडीएमआयची वायर लावली आहे.

तेव्हापासून घरात दोन रिमोट झाले. टीव्हीचा रिमोट माइकवाला, जेमतेम दहा-बारा बटणांचा. चॅनल बदलायला बॉक्सचा रिमोट, आवाजाला टीव्हीचा. आवाज वाढवताना आईंचा अंगठा त्याच्या शेजारच्या घराच्या चित्रावर पडतो आणि मालिका जाऊन अ‍ॅपची पानं उघडतात. मग त्या आणखी काहीतरी दाबतात आणि काळ्या पडद्यावर `No Signal` अशी पाटी फिरत राहते. लगेच केबलवाल्याला फोन, “भाई, टीवीमां कंई देखातुं नथी.” तो दोनदा जिना चढून आला, `HDMI 1` लावून गेला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला, बेन, हे आमचं काम नाही. त्याचंही बरोबर आहे.

केबलच्या रिमोटवर वर डाव्या कोपऱ्यात लाल रेघेच्या चौकटीत पाच बटणं आहेत: `SET`, टीव्हीचं पॉवर, `TV/AV`, आणि आवाजाचे अधिक-उणे. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवले की टीव्हीची बटणं यात ‘शिकवता’ येतात असं कळलं. पॉवर पहिल्याच फटक्यात शिकलं. आवाज काही केल्या शिकत नाही, दहा वेळा तरी केलं असेल. इनपुटचंही तेच. दोन्हीकडे नवे सेल घातले आहेत.

पॉवर शिकतं तर आवाज का नाही? आणि टीव्ही चालू केल्यावर थेट `HDMI 1` वर यावा, अशी काही सोय असते का?

---

मांजलपूरकर

रिमोट शिकवण्याच्या भानगडीत पडूच नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती चालू केली की एचडीएमआयच्याच वायरीतून टीव्ही आणि बॉक्स एकमेकांशी बोलतात. बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप चालू होतो, इनपुटही स्वतःच बदलतो. माझ्याकडे असंच चालतं, दोन वर्षं टीव्हीच्या रिमोटला हात लावलेला नाही.

---

अलकापुरीवाला

पेअरिंगचाच प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे बॉक्स बदलला तेव्हा जुनं कार्ड नव्या बॉक्सला पेअर नव्हतं, म्हणून एकही चॅनल दिसत नव्हतं. कस्टमर केअरला फोन करून कार्डाचा आणि बॉक्सचा नंबर दिला, त्यांनी तिकडून सिग्नल पाठवला आणि अर्ध्या तासात चालू झालं. तुम्हीही बॉक्स चालू ठेवून फोन करा. रिचार्ज संपलेला नाही ना, तेही बघा.

---

सुरसागर_काठी

@अलकापुरीवाला, आभार, पण चॅनल सगळी दिसतात, पैसेही भरलेले आहेत. माझा प्रश्न रिमोटचा आहे.

@मांजलपूरकर, टीव्हीत ते सापडलं, चालू केलं. ‘उपकरण शोधा’ म्हटलं तर काहीच सापडत नाही.

---

जुना_मेकॅनिक

रावपुऱ्यात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. सगळं नीट वाचलं.

आधी सीईसी. मांजलपूरकर म्हणतात ते खरं आहे, पण त्यासाठी टीव्ही आणि बॉक्स दोघांनाही ती भाषा यावी लागते. त्यांचा बॉक्स बहुधा नवा अँड्रॉइडवाला असेल. केबलवाले देतात त्या साध्या बॉक्सांत मला ती सोय क्वचितच दिसली आहे. तुमच्या टीव्हीला शोधून काही सापडलं नाही, तेव्हा तो विषय संपला. बॉक्स मुका आहे, टीव्ही एकटाच बोलून काय करणार?

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या हातून चूक होत नाहीये. केबलचा रिमोट फक्त उजेड वाचून शिकतो. जुन्या पद्धतीचा रिमोट बटण दाबलं की पुढच्या छोट्या दिव्यातून इन्फ्रारेड प्रकाशाची उघडझाप करतो. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही, पण शिकणारा रिमोट ती उघडझाप टिपून लक्षात ठेवतो. तुमचा माइकवाला रिमोट मात्र टीव्हीशी ब्लूटूथने जोडलेला आहे. त्याचं आवाजाचं बटण दाबलं की दिवा पेटतच नाही, निरोप रेडिओने जातो. मग समोरचा रिमोट टिपणार काय? पॉवरचं बटण तेवढं अशा बऱ्याच रिमोटांत इन्फ्रारेडवरच ठेवलेलं असतं, कारण टीव्ही झोपलेला असताना त्याचं ब्लूटूथ जागं असेलच असं नाही. म्हणून तुमचं पॉवर शिकलं आणि बाकीचं राहिलं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच घ्या. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरून पॉवर दाबा, मग आवाज दाबा. खोलीत थोडा अंधार असला तर बरं. काय दिसलं ते इथे लिहा.

---

कारेलीबागची_मावशी

मी स्वतः 74 वर्षांची आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. वयस्कर माणसाला नवं बटण शिकवण्यापेक्षा नको असलेलं बटण झाकून टाकावं. माझ्या मुलाने टीव्हीच्या रिमोटवर जाड पुठ्ठा कापून चिकटपट्टीने बसवला, फक्त पॉवर आणि आवाज उघडे. दोन रिमोट आहेत ते राहू देत, एकावर लाल पट्टी लावा, एकावर पांढरी. तुमच्या आईंना कोणता रिमोट हातात घ्यायची सवय आहे ते आधी त्यांनाच विचारा.

---

सुरसागर_काठी

मेकॅनिककाका, रात्री दिवा मालवून बघितलं. पॉवर दाबल्यावर मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला, अगदी स्पष्ट. आवाज दाबला तर काही नाही. वरचं, खालचं, घराचं चित्र, सगळी बटणं दाबून पाहिली, सगळीकडे काळोख. केबलच्या रिमोटचं मात्र प्रत्येक बटण लुकलुकतं. आईंनाही दाखवलं, त्यांना फार गंमत वाटली.

मावशी, विचारलं. त्यांना केबलचाच रिमोट हवा आहे, कारण त्यावर आकडे आहेत. मराठी चॅनलचे नंबर त्यांना तोंडपाठ आहेत.

---

मांजलपूरकर

मग सोपं आहे. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून दहा मिनिटं ठेवा. पेअरिंग विसरेल आणि सगळी बटणं इन्फ्रारेडवर येतील. मग शिकवून घ्या.

---

जुना_मेकॅनिक

दिशा बरोबर आहे, रस्ता नाही. सेल काढले म्हणून पेअरिंग जात नाही, नाहीतर दर वेळी सेल बदलल्यावर नव्याने जोडावं लागलं असतं. पेअरिंग तोडायचं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये रिमोट आणि अ‍ॅक्सेसरीजच्या पानावर जाऊन तिथे दिसणारा रिमोट विसरायला सांगावा लागतो. जोड तुटल्यावर काही रिमोट खरंच आवाज वगैरे इन्फ्रारेडने पाठवू लागतात. त्या वेळी शिकवून घ्यायचं आणि मग पुन्हा जोडायचा. सगळेच रिमोट असं करतात असं मात्र नाही. कॅमेऱ्यासमोर ठिपका दिसला तर करतो, नाही दिसला तर नाही.

एक सावधगिरी. रिमोट विसरलात आणि तो पुन्हा जोडलाच नाही, तर टीव्हीच्या पडद्यावर फिरणार कशाने? अशी गिऱ्हाइकं दुकानात टीव्ही उचलून घेऊन येतात. आधी एक यूएसबीचा माउस शोधून ठेवा. अँड्रॉइडवाल्या टीव्हीच्या मागे खोचला की पडद्यावर बाण येतो आणि सगळं चालवता येतं. पुन्हा जोडताना कोणती दोन बटणं एकत्र धरायची हे टीव्ही पडद्यावर चित्र काढून दाखवतो.

पण मी तुमच्या जागी असतो तर एवढंही केलं नसतं. तुमच्या मॉडेलला चालणारा साधा, बिनमाइकचा रिमोट बाजारात मिळतो. तो सगळं इन्फ्रारेडनेच बोलतो. दुकानात टीव्हीचा मॉडेल नंबर सांगा आणि घ्यायच्या आधी त्याचं आवाजाचं बटण तिथेच सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बघा. घरी आल्यावर त्याच्याकडून केबलच्या रिमोटला शिकवा आणि मग तो कपाटात ठेवून द्या. पॉवरचं बटण उजेडाने चालतं म्हणजे टीव्हीला इन्फ्रारेड वाचणारा डोळा आहेच, त्यामुळे आवाजही वाचेल.

---

ग्वाल्हेरकर

विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. आमचा टीव्ही जुना, साध्या रिमोटचा, त्यामुळे डीटीएचच्या रिमोटमध्ये सगळी बटणं पटकन शिकली. पण आवाज एकदा दाबला तर वाढतो, दुसऱ्यांदा दाबला तर ढिम्म. मधे टीव्हीच्या मूळ रिमोटवरचं एखादं बटण दाबलं की पुन्हा एकदाच चालतं. सेल, अंतर, सगळं पाहून झालं. काय असेल?

---

जुना_मेकॅनिक

@ग्वाल्हेरकर, तुमचा टीव्ही बहुधा आरसी-5 किंवा आरसी-6 पद्धतीचा. या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाबरोबर रिमोट निरोपातली एक खूण उलटी करतो, एकदा शून्य, एकदा एक. त्यावरून टीव्हीला कळतं की बोट उचलून पुन्हा दाबलं आहे की तेच बटण धरून ठेवलं आहे. शिकणाऱ्या रिमोटने एकच फोटो काढून ठेवलाय, त्यातली खूण कायम एकच. टीव्हीला वाटतं की अजून पहिलाच दाब चालू आहे, म्हणून तो दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. मूळ रिमोटचं बटण दाबलं की ती साखळी तुटते आणि तुमचं एकदा चालून जातं.

शिकवून याला इलाज नाही. तुमच्या डीटीएचच्या रिमोटमध्ये कंपनीचा कोड टाकून टीव्ही जोडायची सोय असेल तर ती वापरा. तिथे रिमोटला ती पद्धत मुळातून माहीत असते, त्यामुळे खूण बरोबर उलटते.

---

ग्वाल्हेरकर

कोडाची सोय आहे असं पुस्तिकेत दिसतंय. दोन कोड टाकून पाहिले, एकाने फक्त पॉवर चालतं, दुसऱ्याने काहीच नाही. बाकीचे रविवारी बघतो.

---

सुरसागर_काठी

आज मंगळ बाजारातून साधा रिमोट आणला, 180 रुपये. दुकानातच कॅमेऱ्यासमोर धरला, ठिपका दिसला. दुकानदारही बघत राहिला.

घरी येऊन शिकवलं. कोणाला उपयोग होईल म्हणून नीट लिहिते. दोन्ही रिमोट जेवणाच्या टेबलावर सपाट ठेवले, टोकं समोरासमोर, मधे दोन बोटांचं अंतर. केबलच्या रिमोटचं `SET` दाबून धरलं, तीनेक सेकंदांनी त्याचा लाल दिवा स्थिर पेटला. मग त्यावरचं आवाजाचं अधिक एकदा दाबून सोडलं, दिवा लुकलुकायला लागला. आता नव्या रिमोटचं आवाजाचं अधिक दाबलं. दिवा तीनदा भरभर लुकलुकून पुन्हा स्थिर झाला. म्हणजे घेतलं! तसंच उणे, तसंच `TV/AV` मध्ये `Input`. शेवटी `SET` दाबल्यावर दिवा विझला.

पहिल्या वेळी खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं, तेव्हा दिवा भलत्याच वेळी तीनदा लुकलुकायचा आणि मग टीव्हीवर काहीच व्हायचं नाही. पडदा ओढल्यावर सरळ झालं.

एक गोष्ट खटकते. आवाजाचं बटण धरून ठेवलं तर एकच पायरी वाढते, पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. आईंना कमी ऐकू येतं, बॉक्सचा आवाज आधीच पूर्ण वाढवून ठेवला आहे.

---

जुना_मेकॅनिक

छान केलंत. ऊन खरंच घात करतं, त्यात इन्फ्रारेड भरपूर असतो. दिव्याची भाषा मात्र रिमोटगणिक बदलते, दुसऱ्या कोणाचा दिवा उलटही वागेल.

धरून ठेवल्यावर एकच पायरी का? पुष्कळ टीव्हींच्या पद्धतीत बटण धरलं की पहिल्यांदा पूर्ण निरोप जातो आणि नंतर फक्त ‘तेच चालू’ असा आखूड इशारा जात राहतो. तुमच्या रिमोटने पूर्ण निरोप शिकला, आखूड इशारा नाही. शिकवताना मूळ बटण टिचकीसारखं दाबण्याऐवजी एक-दोन सेकंद धरून पाहा, काही रिमोट मग तोही टिपतात. उलट काही रिमोट त्याने गोंधळून आखूड इशाराच तेवढा शिकतात आणि बटण अजिबात चालत नाही. तसं झालं तर पुन्हा टिचकीने शिकवा.

---

कारेलीबागची_मावशी

एकेक पायरी वाढलेली बरी. माझ्याकडे बटण धरलं की आवाज एकदम इतका चढतो की शेजारी दार वाजवतात.

---

सुरसागर_काठी

धरून पाहिलं, तेव्हा शिकलंच नाही. टिचकीने पुन्हा शिकवलं. आईंना चालतंय.

आता इनपुटचं. केबलच्या रिमोटवरचं `TV/AV` दाबलं की टीव्हीवर यादी उघडते: `TV`, `HDMI 1`, `HDMI 2`, `AV`. प्रत्येक दाबाला एक घर खाली जातं आणि बोट थांबलं की दोन-तीन सेकंदांनी तेच इनपुट लागतं. आईंना कागदावर लिहून दिलंय, ‘HDMI 1 वर पिवळी रेघ आली की हात काढायचा.’ चार वेळा करून घेतलं, चारही वेळा जमलं. पण चुकून `AV` लागलं की त्या घाबरतात, कारण `No Signal` दिसतं आणि त्यांना वाटतं केबल गेली.

---

जुना_मेकॅनिक

दोन पाट्यांमधला फरक त्यांना दाखवून ठेवा. काळ्या पडद्यावर फिरणारी `No Signal` ही पाटी टीव्हीची स्वतःची. म्हणजे त्या भोकातून टीव्हीकडे काहीच येत नाहीये. एकतर इनपुट चुकलंय, नाहीतर बॉक्स बंद आहे, नाहीतर वायर सैल आहे. केबलवाल्याचा त्यात संबंध नाही. केबल खरंच गेली तर बॉक्स चालूच असतो, तो स्वतःचा रंगीत पडदा दाखवतो, त्यावर चॅनलचा नंबर असतो आणि सिग्नल नसल्याची सूचना असते.

त्याहून सोपी खूण सांगतो. केबलच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. पडद्यावर बॉक्सचा मेनू आला तर टीव्ही, वायर आणि इनपुट सगळं बरोबर आहे, फोन केबलवाल्याला करा. मेनू आलाच नाही तर आधी इनपुट बघा.

जुन्या लोकांची गल्लत का होते तेही सांगतो. बडोद्यात 2013 पर्यंत केबलची वायर थेट टीव्हीत जायची, चॅनल टीव्हीच पकडायचा. नंतर बॉक्स सक्तीचा झाला आणि चॅनल पकडणं बॉक्सकडे गेलं. टीव्ही नुसता पडदा उरला. पण पडदा काळा झाला की केबल गेली, ही वर्षानुवर्षांची सवय मनात राहिली.

---

मांजलपूरकर

थेट `HDMI 1` वर चालू होण्याचं कोणी सांगितलंच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘चालू झाल्यावर काय दाखवायचं’ असं काहीतरी असतं. तिथे शेवटचं इनपुट निवडा, म्हणजे अ‍ॅपचं पान येणार नाही. काही टीव्हींत थेट एचडीएमआयही निवडता येतं.

---

सुरसागर_काठी

मिळालं! शेवटचं इनपुट निवडलं. आता पॉवर दाबलं की सरळ मालिका लागते. टीव्हीचा माइकवाला रिमोट कपाटात गेला, तिथेच नवा साधाही.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. लाइट जाऊन आली की टीव्ही ते सेटिंग विसरल्यासारखा अ‍ॅपच्या पानावर उघडतो. नुसता रिमोटने बंद-चालू केला तर नाही, लाइट गेली तरच. आणि त्या पानावर असताना `TV/AV` दाबलं तर यादी कधी उघडते, कधी नाही.

---

जुना_मेकॅनिक

रिमोटने बंद केला की टीव्ही नुसता डुलकी घेतो. लाइट गेल्यावर पूर्ण नव्याने उठतो, तेव्हा काही मॉडेल आधी आपलं पान दाखवतात. यादी कधी उघडत नाही, कारण नव्याने उठल्यावर पहिला मिनिटभर टीव्ही आतली जुळवाजुळव करत असतो. त्यांना सांगा, लाइट आली की लगेच बटणं दाबू नका, चहा ठेवा आणि मग दाबा. तरीही यादी आली नाही तर कारण दुसरं आहे, ते टीव्ही समोर बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. मॉडेल नंबर इथे टाका, मुलाला विचारतो.

---

सुरसागर_काठी

उद्या टीव्हीच्या मागचा नंबर बघून टाकते. आज दुपारी दहा मिनिटं लाइट गेली होती. आईंनी चहा केला, मग बटण दाबलं, यादी उघडली, पिवळी रेघ `HDMI 1` वर आल्यावर हात काढला. संध्याकाळी मी आले तर आधी हेच सांगितलं, मालिकेत काय झालं ते नंतर.

---

ग्वाल्हेरकर

रविवारी अकरा कोड टाकले. नवव्याने आवाज आणि पॉवर दोन्ही चालतात, आणि आवाज आता दर दाबाला वाढतो. इनपुटचं बटण दाबलं की मात्र टीव्हीचा मेनू उघडतो. कोणाला असा अनुभव आहे का?